धागा: कॅम्पससाठी रेझ्युमे ३ पानांचा झालाय, काय कापू? (कॉम्प्युटर, शेवटचं वर्ष, रत्नागिरी)

मिऱ्याकाठचा (रात्री १०.१२)

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गणपतीच्या सुट्टीत रेझ्युमे करून ठेवला होता, आता सोमवारपर्यंत प्लेसमेंट ऑफिसात द्यायचाय आणि त्याच्यानंतर लगेच पहिली कंपनी. मित्र म्हणाला, तीन पानं कोण वाचणार. दुसरा म्हणाला, एक पान दिलंस तर वाटेल ह्याने चार वर्षांत काही केलंच नाही.

फाईल इथे टाकत नाही, त्यात सगळी माहिती आहे. काय काय आहे ते सांगतो. पान १ : फोटो, सहा ओळींचं ऑब्जेक्टिव्ह, वैयक्तिक माहिती (वडिलांचं नाव, जन्मतारीख, रक्तगट), दहावी-बारावी आणि प्रत्येक सेमिस्टरच्या मार्कांचा तक्ता. पान २ : चौदा स्किल्स, प्रत्येकापुढे पाचपैकी तारे. मग प्रोजेक्ट, ‘ऑनलाइन लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’, त्याची माहिती बारा ओळी. पान ३ : नऊ वर्कशॉपची सर्टिफिकेटं, छंद, आणि ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ असं डिक्लेरेशन.

सीजीपीआय ७.४२. तिसऱ्या सेमिस्टरला एक केटी होती, ती सुटली.

काय ठेवू, काय काढू?

---

बापू लोटेकर (रात्री १०.४०)

मी लोट्याला एका केमिकल कंपनीत प्रॉडक्शनला आहे, एकवीस वर्षं झाली. एक पान वगैरे ही बाहेरची फॅशन. आमच्याकडे दोन पानं चालतात, फोटो लागतो, डिक्लेरेशनखाली सही लागते. तेवढं काढू नकोस, माणूस घाईतला वाटतो.

छंदात ‘वाचन’ लिहिलं असशील तर शेवटचं कुठलं पुस्तक वाचलंस ते आठवून ठेव. मी हमखास विचारतो आणि दहातले आठ गप्प बसतात.

---

तारकर्लीचो बोटवालो (रात्री ११.०५)

झिला, माका एक कळाक नाय. माझो भाचो मर्चंट नेव्हीत आसा, तेचो रेझ्युमे चार पानांचो. कुठल्या जहाजार किती म्हयने, इंजिन कुठला, सगळा लिवचा लागता. एक पान दिलान तर कंपनी परत पाठवता. मग तुमचा कॉम्प्युटरवाल्यांचा एक पान कसा?

---

सुरंगी (रात्री ११.३१)

बोटवाले दादा, तुमच्या भाच्याचं बरोबर आहे, पण ते खातं वेगळं. जहाजावर किती महिने काढले हाच तिथे पात्रतेचा हिशेब, म्हणून प्रत्येक जहाजाची नोंद लागते. ह्या मुलाकडे जहाज अजून एकही नाही.

मी मूळ वेंगुर्ल्याची. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नऊ वर्षं फ्रेशर्सच्या मुलाखती घेतेय, कॅम्पसलाही जाते. मिऱ्याकाठच्या, आमच्याकडे काय होतं ते सांगते, मग काय कापायचं ते तुलाच दिसेल.

कॅम्पसला पहिली चाळण रेझ्युमेवर होतच नाही. कॉलेज आम्हाला एक्सेल पाठवतं, त्यात दहावी, बारावी, सीजीपीआय, चालू केटी किती. त्याच्यावर आणि ॲप्टिट्यूडच्या मार्कांवर यादी बनते. रेझ्युमे माझ्या हातात येतो तेव्हा तू समोरच्या खुर्चीत बसत असतोस. दीड-दोन मिनिटं मी कागद बघते आणि त्यातल्या दोन जागा पेनाने गोल करते. पुढची वीस मिनिटं त्या दोन गोलांवर जातात.

आता तुझ्या तीन पानांत मी गोल कुठे करणार? रक्तगटावर? चौदा स्किल्समधलं एखादं उचलेन, आणि ते तुझं सगळ्यात कच्चं निघालं तर दुपार गेली.

तेव्हा दोन प्रश्न. लायब्ररी प्रोजेक्टमध्ये *तू* काय केलंस? आणि चौदातली कुठली स्किल्स अशी आहेत की त्यावर दहा मिनिटं मी कुठूनही विचारलं तरी बसशील?

---

मिऱ्याकाठचा (रात्री ११.५८)

ताई, चौघांचा ग्रुप होता. स्क्रीन दुसऱ्या दोघांनी केली, रिपोर्ट चौथीने लिहिला. मी डेटाबेसची टेबलं आणि दंडाचा हिशेब केला. त्यात एक गोंधळ झाला होता, रविवार आणि सुट्ट्या धरूनच दंड लागत होता. लायब्ररीतल्या सरांनी जुनं रजिस्टर दिलं, त्याच्याशी ताडून बघितलं तेव्हा समजलं. मग सुट्ट्यांचं वेगळं टेबल केलं.

दहा मिनिटं म्हणाल तर पायथन आणि एसक्यूएल. जावा परीक्षेपुरती. मोंगो डीबी एका वर्कशॉपमध्ये दोन तास बघितलं होतं, त्याला मी चार तारे दिलेत.

---

सुरंगी (रात्री १२.०९)

चार तारे काढ बाबा आधी. तारे कुणी दिले असं विचारलं तर काय सांगशील?

बारा ओळींत सुट्ट्यांचा दंड आहे का?

---

मिऱ्याकाठचा (रात्री १२.१४)

नाही. त्यात ‘ही प्रणाली वापरकर्त्यास अनुकूल असून ग्रंथालयाचे कामकाज सुलभ करते’ वगैरे आहे. रिपोर्टातला उतारा चिकटवला होता.

---

निवृत्त टीपीओ (सकाळी ७.२०)

कोकणातल्याच एका कॉलेजात अकरा वर्षं प्लेसमेंट बघितली. सुरंगी यांनी एक्सेलचं सांगितलं ते बरोबर, त्यात एक भर घालतो, कारण मुलं इथेच अडकतात.

एक्सेलमधला आकडा आणि रेझ्युमेवरचा आकडा एकच हवा. फॉर्म भरताना मुलं सीजीपीआयचे टक्के स्वतःच्या मनाने करतात. सीबीएसईवाले पूर्वी दहावीला ९.५ ने गुणायचे ते ऐकलेलं असतं, तेच इथे करतात. ७.४२ गुणिले ९.५ म्हणजे ७० टक्क्यांच्या वर गेले, खूश. पण विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं आणि वर्षागणिक बदललेलं असतं. ऑफर आल्यावर कागदपत्रं तपासताना हा फरक निघतो, तेव्हा समजावून सांगणं कठीण जातं. मार्कशीटवर सीजीपीआय छापलाय ना, तोच लिही, दहापैकी म्हणून. टक्के मागितलेच तर विद्यापीठाने दिलेल्या सूत्रानेच कर.

सहा सेमिस्टरचा तक्ता नको. एक ओळ पुरे.

केटी सुटलेली असेल तर माझ्या मते रेझ्युमेवर लिहू नये. फॉर्ममध्ये विचारली तर मात्र खरं लिही.

---

सुरंगी (सकाळी ८.०२)

केटीबद्दल माझं मत थोडं वेगळं, सर. लिहू नये हे मान्य, पण काही मुलं ती लपवण्यासाठी वर्षच खातात, म्हणजे सुरू आणि शेवटचं वर्ष न लिहिता नुसतं ‘बी.ई.’ ठेवतात. ते लगेच दिसतं.

---

बापू लोटेकर (सकाळी ८.३०)

मी तर सरळ लिहायला सांगेन. प्लांटमध्ये लपवाछपवी करणारा माणूस मला नको.

---

चिपळूणची मुग्धा (सकाळी ९.१५)

मीपण शेवटच्या वर्षाला, ईएनटीसी. माझा अनुभव वेगळाच, पण उपयोगी पडेल. मी एक झक्कास दोन रकान्यांचं टेम्प्लेट घेतलं होतं. डावीकडे गडद निळी पट्टी, त्यात फोन, स्किल्स. कॅम्पसबाहेर एका कंपनीच्या पोर्टलवर चढवलं तर त्यांच्या फॉर्ममध्ये आपोआप माहिती भरली गेली, आणि कॉलेजच्या नावाच्या जागी माझा फोन नंबर! बारावीच्या मार्कांत ‘मॅटलॅब’ घुसलेलं. मी घाईत तसंच सबमिट केलं. पुढे काही कळलंच नाही.

तेव्हापासून मी एक करते. पीडीएफ उघडायची, सगळं सिलेक्ट करून कॉपी करायचं आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करायचं. तिथे ओळी वरून खाली नीट क्रमाने आल्या तर ठीक. डावं-उजवं एकमेकांत मिसळलं तर टेम्प्लेट बदलायचं. आणि सिलेक्टच होत नसेल तर तो रेझ्युमे नाही, फोटो आहे.

---

सुरंगी (सकाळी ९.४०)

मुग्धा, हे फार कामाचं. सगळीच पोर्टलं अशी गडबडत नाहीत, काही दोन रकाने नीट वाचतात, पण कुठलं वाचतं हे आपल्याला कुठे माहीत? एका रकान्याने नुकसान काहीच नाही.

---

मिऱ्याकाठचा (दुपारी १.५०)

एका पानात बसवला! ऑब्जेक्टिव्ह, रक्तगट, तारे सगळं काढलं. वर्कशॉप नऊच्या नऊ ठेवलीत, फॉन्ट ८ केला आणि मार्जिन कमी केली. नोटपॅडची टेस्टही पास.

---

निवृत्त टीपीओ (दुपारी २.०५)

८? अरे, कॉलेजच्या प्रिंटरवर छापून बघ एकदा. शाई कमी असते तेव्हा माझ्या वयाच्या माणसाला त्यातलं नावही दिसायचं नाही.

---

सुरंगी (दुपारी २.२०)

फॉन्ट लहान करणं म्हणजे कापणं नव्हे, तीन पानं घडी घालून खिशात कोंबणं. १०.५ किंवा ११ ठेव, चारी बाजूंना निदान पाऊण इंच सोड. मग जे बसत नाही ते जाईल.

नऊ वर्कशॉपांपैकी कुठल्या वर्कशॉपनंतर तू घरी येऊन काहीतरी केलंस? तेवढी ठेव.

---

मिऱ्याकाठचा (दुपारी ३.१०)

एकच. पायथनचं, दोन दिवसांचं. ते शिकून घरी आंब्याचा हिशेब केला होता, पण ते घरगुती काम, रेझ्युमेत लिहिण्यासारखं नाही.

---

सुरंगी (दुपारी ३.१२)

थांब. कसला हिशेब?

---

मिऱ्याकाठचा (दुपारी ३.४५)

काकांची २२० कलमं आहेत. मार्च ते मे पेट्या वाशीला तीन दलालांकडे जातात. गाडीत चढवताना हुंडेकरी पावती देतो, त्यावर किती पेट्या, कुठला डझन ते असतं. मग चार-आठ दिवसांनी दलालाची पट्टी येते, त्यात भाव, तोलाई, हमाली, कमिशन आणि काही खराब धरलेल्या पेट्या. काका पट्ट्या देवघरातल्या खणात ठेवायचे आणि पावसाळ्यात एकदा बसून जुळवायचे. तोवर कुणाला काय विचारणार?

मी आधी गुगल शीट केली, मग पायथन आणि एसक्यूलाइटमध्ये छोटा प्रोग्राम. पावतीचा नंबर घातला की त्याची पट्टी आली का, पेट्या जुळतात का, ते दाखवतो. यंदा ६४० पेट्या, ३१ पट्ट्या. दोन पट्ट्यांत मिळून १४ पेट्या कमी निघाल्या. काकांनी त्याच आठवड्यात फोन केला. ९ पेट्या दुसऱ्या बागायतदाराच्या नावावर चढल्या होत्या, त्यांचे पैसे मिळाले. ५ चं अजून नाही कळलं.

---

सुरंगी (दुपारी ३.५२)

आणि हे रेझ्युमेत नाही. ‘वापरकर्त्यास अनुकूल’ मात्र आहे. धन्य आहेस.

मी गोल करेन तो इथेच. हे एकट्याने केलंय, खरा डेटा आहे, खरा माणूस वापरतो, चूक सापडलीय आणि पैसे परत आलेत. एक परिच्छेद लिहून इथे टाक. मूळ इंग्रजीत असेल, इथे मराठीतच सांग.

---

मिऱ्याकाठचा (संध्याकाळी ५.३०)

‘कृषी पुरवठा साखळीसाठी सक्षम व्यवस्थापन प्लॅटफॉर्म विकसित केला, ज्यामुळे नुकसानीत ६४ टक्के घट झाली आणि कार्यक्षमतेत लक्षणीय वाढ झाली.’

---

बापू लोटेकर (संध्याकाळी ५.४४)

हे कुणी केलं? मघाशी आंबे होते ते कुठे गेले?

---

सुरंगी (संध्याकाळी ५.५०)

बापू, अगदी.

६४ कुठून आला? १४ पैकी ९ म्हणून ना? मग ‘नुकसान’ म्हणजे १४ पेट्या, ६४० मधल्या. हे मी विचारल्यावर तू सांगशील, आणि तेव्हा प्लॅटफॉर्मचा फुगा तुझ्याच हाताने फुटेल. लहान आकड्यांचे टक्के करू नकोस. १४ आणि ९ असंच लिही, ते जास्त खरं वाटतं कारण ते मोजलेलं आहे. ‘सक्षम’, ‘लक्षणीय’ ही विशेषणं काढ. त्यांच्यावर मला प्रश्न विचारता येत नाही.

प्रत्येक ओळीत एवढंच असू दे : काय केलंस, कशावर, किती आणि मग काय झालं.

---

मिऱ्याकाठचा (संध्याकाळी ६.४०)

दुसरा प्रयत्न :

> आंबा पेट्यांचा हिशेब (पायथन, एसक्यूलाइट, एकट्याने, फेब्रुवारी ते मे)
> – घरच्या बागेतून तीन दलालांकडे गेलेल्या ६४० पेट्यांच्या वाहतूक पावत्या आणि विक्री पट्ट्या जुळवणारा प्रोग्राम लिहिला.
> – ३१ पैकी २ पट्ट्यांत १४ पेट्यांचा फरक हंगाम सुरू असतानाच सापडला. ९ पेट्यांचे पैसे मिळाले.
>
> लायब्ररी व्यवस्थापन (एसक्यूएल, चौघांचा ग्रुप, माझा भाग डेटाबेस आणि दंड)
> – लायब्ररीच्या जुन्या रजिस्टरशी ताडून दंडाच्या हिशेबातली सुट्ट्यांची चूक शोधली. सुट्ट्यांचं वेगळं टेबल करून दुरुस्त केली.

पट्टीवरचे आकडे अजून हाताने भरावे लागतात. तेही लिहू का?

---

सुरंगी (संध्याकाळी ७.०५)

आता हा रेझ्युमे झाला. ग्रुपमधला स्वतःचा भाग लिहिलास हे फार बरं केलंस. एकाच कॉलेजातली चार मुलं ओळीने येतात आणि चौघांच्या कागदावर तोच प्रोजेक्ट तसाच असतो. चौथ्यापर्यंत आम्ही वैतागलेले असतो.

हाताने भरावं लागतं हे कागदावर नको, डोक्यात ठेव. मी विचारणारच, ‘हे अजून चांगलं कसं करशील?’ तिथे ते सांग. आणखी एक तयार ठेव : एका पावतीचा माल दोन पट्ट्यांत आला तर तुझा प्रोग्राम काय करतो?

---

मिऱ्याकाठचा (संध्याकाळी ७.११)

…तेव्हा चुकीचा फरक दाखवतो. एकदा झालं होतं तसं. आज रात्री बघतो.

---

निवृत्त टीपीओ (संध्याकाळी ७.३०)

मर्यादा एका ओळीत लिहिली तरी मला चाललं असतं. प्रामाणिक वाटतं.

---

सुरंगी (संध्याकाळी ७.३६)

सर, जागा असेल तर ठीक. पण एका पानात ती ओळ कशाची जागा खाते ते बघायचं.

---

चिपळूणची मुग्धा (रात्री ८.१०)

ताई, एक विचारू? मी एक ऑनलाइन इंटर्नशिप केली होती. खरं म्हणजे पैसे भरले, तीन छोटे टास्क दिले, सर्टिफिकेट आलं. आमच्या वर्गात निम्म्या मुलांकडे तेच आहे. लिहू की नको?

---

सुरंगी (रात्री ८.२५)

‘इंटर्नशिप’ म्हणून लिहिलंस तर मी विचारेन तुझा मेंटर कोण होता, रोज काय करायचीस. उत्तर नसेल तर बाकी कागदावरचाही विश्वास जातो. त्या तीन टास्कमध्ये खरंच काही बनवलं असशील तर ते प्रोजेक्ट म्हणून लिही.

---

निवृत्त टीपीओ (रात्री ८.४०)

काही कंपन्यांच्या फॉर्ममध्ये ‘इंटर्नशिप केली आहे का’ असा सरळ रकाना असतो. तिथे नाही लिहिलं तर मूल मागे पडतं, असं मी बघितलंय. म्हणून मी पूर्ण नाही म्हणणार नाही.

---

बापू लोटेकर (रात्री ९.००)

आमच्याकडे ट्रेनिंग म्हणजे गेटपास असलेलं ट्रेनिंग. बाकी सगळं रद्दी.

मिऱ्याकाठच्या, दोन पानांचं मी म्हणालो ते मागे घेतो, तुझं एकातच भागतंय. पण फोटोचं घेत नाही.

---

तारकर्लीचो बोटवालो (रात्री ९.२०)

ह्यो पेट्यांचो प्रोग्राम माका मिळात काय? माझ्या तीन बोटींचो डिझेलचो हिशेब आसाच खणात पडलेलो आसा.

---

मिऱ्याकाठचा (सोमवार, दुपारी १२.३०)

अपडेट. सकाळी रेझ्युमे घेऊन गेलो तर प्लेसमेंट ऑफिसने कॉलेजचा ठरलेला फॉरमॅट हातात दिला. वर कॉलेजचा लोगो, फोटोची चौकट, शेवटी डिक्लेरेशन. बापूकाका, तुम्ही जिंकलात. पण मधला मजकूर आपलाच, आणि स्किल्सची जागा मोकळी होती, तिथे पाचच लिहिली : पायथन, एसक्यूएल, आणि ‘वापरलेलं’ म्हणून जावा, एचटीएमएल, गिट. सगळं मिळून सव्वा पान झालं.

---

सुरंगी (दुपारी १२.५५)

सव्वा वाईट. दुसऱ्या पानावर काय गेलं?

---

मिऱ्याकाठचा (दुपारी १.०१)

नुसतं डिक्लेरेशन आणि सही.

---

निवृत्त टीपीओ (दुपारी १.०८)

मग राहू दे. ते पान कंपनीसाठी नाही, ऑफिसच्या फाईलसाठी असतं. अगदीच वाटलं तर छंदाची ओळ काढ, वर सरकेल.

---

मिऱ्याकाठचा (दुपारी १.४०)

काढली, एका पानात बसलं. दोन पट्ट्यांचाही घोळ सोडवला रात्री, आता पावतीला एकापेक्षा जास्त पट्ट्या जोडता येतात.

काकांना वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ते ठीक आहे, पण त्या ५ पेट्यांचं काय झालं ते कुठे लिहिलंयस?’